हेडनोट (न्यायनिर्णयाची)

न्यायनिर्णयाच्या माथ्यावर छापलेला, त्यातील मुद्दा, कारणमीमांसा आणि निकाल थोडक्यात सांगणारा सारांश. हेडनोट रिपोर्टरचे संपादक लिहितात. ती न्यायालयाच्या निर्णयाचा भाग नसते, म्हणून युक्तिवादात दाखला द्यायचा तो निर्णयातील परिच्छेदाचा. नागपूरहून निघणाऱ्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’मुळे विदर्भातील वकिलांना हा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. कायद्याच्या विद्यार्थ्याने मात्र छापील हेडनोट झाकून ठेवावी आणि आधी स्वतःची लिहावी.

मूर्तिजापूर, अकोला, खामगाव या कापूसपट्ट्यातील विद्यार्थ्याला सरावासाठी सर्वांत जवळचा निर्णय म्हणजे भगवानदास गोवर्धनदास केडिया वि. गिरधारीलाल पर्शोत्तमदास आणि कंपनी (एआयआर 1966 एससी 543). जुलै 1959 मध्ये अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरीला ट्रंककॉल करून सरकीची ढेप मागितली आणि खामगावहून होकार आला. माल मिळाला नाही म्हणून अहमदाबादच्या नगर दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा पडला. माल खामगावला द्यायचा होता, पैसेही तिथेच द्यायचे होते, असे त्या न्यायालयाला दिसले. तरी होकार अहमदाबादला कळला, म्हणून दावा चालवण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे त्याने ठरवले. गुजरात उच्च न्यायालयाने यात हस्तक्षेप केला नाही, तेव्हा केडिया सर्वोच्च न्यायालयात गेले.

खरी मेहनत मुद्दा शोधण्यात आहे. ‘टेलिफोनवर करार होतो का?’ असे लिहिले तर चुकले. करार झाला हे दोन्ही पक्षांना मान्यच होते. ‘केडियांनी करार मोडला का?’ हेही चूक, कारण तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नव्हता. मुद्दा ओळखायची खूण अशी की त्याचे उत्तर उलटे केले तर निकालही उलटला पाहिजे. वाद होता तो करार कुठे पूर्ण झाला याचा, कारण अहमदाबादचा अधिकार त्यावरच टिकणार होता. प्रस्ताव अहमदाबादहून निघाला एवढ्याने दाव्याचे कारण तिथे घडत नाही, हे न्यायालयाने आधीच बाजूला काढले.

कारणमीमांसेत घोटाळा होतो तो परिच्छेद कोणाचा आहे हे न पाहिल्याने. ‘अपीलकर्त्याचे म्हणणे असे’ अशी सुरुवात असलेला मजकूर वकिलाचा असतो. या निर्णयात आणखी एक अडचण आहे. न्या. हिदायतुल्ला यांचे वेगळे मत इतके जोरकस आहे की घाईत वाचणारा त्यालाच निर्णय समजतो. त्यांनी करार कायदा, 1872 च्या कलम 4 मधील शब्द धरले. स्वीकार करणाऱ्याच्या हातून होकार सुटला की प्रस्ताव देणारा बांधला जातो, म्हणून करार खामगावला झाला, असे त्यांचे मत. ते अल्पमत आहे. न्या. शहा आणि न्या. वांछू यांचे बहुमत सांगते की होकार कळवणे हा सर्वसाधारण नियम आहे आणि टपाल-तार हा व्यवहाराच्या सोयीसाठी केलेला अपवाद. टेलिफोनवर दोघे जणू समोरासमोर बोलतात, म्हणून त्याला अपवाद लागू नाही. इंग्लंडच्या एन्टोर्स खटल्याचाही (1955) त्यांनी आधार घेतला.

तयार हेडनोट अशी होईल:

मुद्दा: प्रस्ताव आणि स्वीकार दोन्ही टेलिफोनवर झाले असता करार कोणत्या ठिकाणी पूर्ण होतो?
कारणमीमांसा: टेलिफोनवरील संभाषण तत्क्षणी पोचते, टपाल-तारेचा अपवाद त्याला लागू नाही. होकार प्रस्ताव देणाऱ्याला जिथे ऐकू येतो तिथे करार होतो. (न्या. हिदायतुल्ला यांचे मत भिन्न: स्वीकार जिथून झाला तिथे.)
निकाल: करार अहमदाबादला झाला, तेथील न्यायालयाला अधिकार आहे, अपील फेटाळले.

‘वादी जिंकला’ असे निकालात लिहू नये. भरपाई देय आहे की नाही, हे ठरायचे बाकीच होते. आता दावा चालणार होता अहमदाबादला, एवढेच ठरले.

लिहिलेली हेडनोट खरी उतरते का, हे तपासायला तथ्ये बदलून पाहावीत. समजा, इंदूरच्या व्यापाऱ्याने मूर्तिजापूरच्या जिनिंगवाल्याला पत्राने मागणी केली आणि त्याने मूर्तिजापूरच्या टपाल पेटीत होकार टाकला. इथे टपालाचा अपवाद लागतो आणि करार मूर्तिजापूरला होतो. तोच होकार फोनवर दिला आणि इंदूरला ऐकू आला, तर करार इंदूरचा. हेडनोटमध्ये फक्त ‘होकार ऐकू येतो तिथे करार’ एवढेच असेल आणि टपालाचा अपवाद गाळला असेल, तर पहिल्या उदाहरणाला चुकीचे उत्तर मिळते.