आठ पेले पाणी : एका नियमाची जन्मकथा

निरोगी राहायचे तर दिवसाला आठ पेले पाणी प्यालेच पाहिजे, हे वचन आज सर्वतोमुखी झाले आहे. चहा-कॉफी त्यात धरायची नाही, असेही वर बजावले जाते. पण हा नियम घातला कोणी?

अमेरिकेतील डार्टमथच्या वैद्यकीय महाविद्यालयातील हाइन्झ व्हाल्टिन यांनी २००२ साली याचा छडा लावण्याचा प्रयत्न केला. मूत्रपिंडाचे कार्य हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. आठ औंसांचे आठ पेले म्हणजे सुमारे १.९ लिटर पाणी. निरोगी माणसाने एवढे पाणी प्यालेच पाहिजे, असे सिद्ध करणारे संशोधन त्यांना कोठेच आढळले नाही. या समजुतीचे संभाव्य मूळ म्हणून त्यांनी १९४५ सालच्या एका शिफारशीकडे बोट दाखविले.

त्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अन्न व पोषण मंडळाने म्हटले होते की, प्रौढ माणसाला दिवसाकाठी साधारण अडीच लिटर पाणी पुरावे. हिशेब सरळ होता. अन्नाच्या दर उष्मांकामागे एक मिलिलिटर पाणी. म्हणजे अडीच हजार उष्मांकांचा आहार घेणाऱ्यास अडीच हजार मिलिलिटर. मात्र लगेच पुढे मंडळाने असेही नमूद केले होते की, यातील बहुतेक पाणी तयार अन्नातूनच मिळते. लोकांनी आकडा तेवढा उचलला आणि हे पुढचे वाक्य मागेच राहिले!

अर्थात ते वाक्यही काटेकोर नव्हते. २००४ साली तेथील तज्ज्ञांच्या समितीने केलेल्या हिशेबात अमेरिकेतील लोकांना सुमारे एक-पंचमांश पाणी अन्नातून, तर उरलेले सर्व प्रकारच्या पेयांतून मिळत असल्याचे दिसले. पण या पेयांत चहा, कॉफी, दूधही आले. म्हणजे कोऱ्या पाण्याचे आठ पेले वेगळे मोजण्यास येथेही आधार नाही.

मग माप कोणते? निरोगी माणसाला ते उपजतच मिळालेले आहे. रक्तद्रवाची दाटी दोन टक्क्यांनीही वाढत नाही तोच तहान लागते. शरीर कोरडे पडले असे वैद्य म्हणतात ते ही वाढ पाच टक्क्यांवर गेल्यावर. तेव्हा तहान लागली म्हणजे उशीर झाला, ही भीती निराधार होय.

यालाही मर्यादा आहेत. वृद्धांची तहान मंदावते, उन्हात राबणाऱ्याला अधिक पाणी लागते, मूतखड्याच्या रोग्याला तर ते मुद्दाम जास्त प्यावे लागते. उलट हृदयविकाराच्या किंवा मूत्रपिंडाच्या काही रोग्यांना डॉक्टर पाणी मोजून देतात. अशा रोग्याला घरच्यांनी प्रेमाने आठ पेल्यांचा आग्रह केला, तर अंगावर सूज चढते, श्वास कोंडतो. सर्वांना एकच आकडा लावण्यातला धोका तो हाच.