इनसाइड बार व अरुंद पल्ल्याचा दिवस

इनसाइड बार व अरुंद पल्ल्याचा दिवस : शेअर, वायदा इत्यादींच्या आलेखावरील भाव आकसल्याची खूण, आणि तिच्यावर बेतलेली ब्रेकआउटची सौदापद्धती. ज्या दिवसाचा उच्चांक आदल्या दिवसाच्या उच्चांकाच्या खाली आणि नीचांक आदल्या नीचांकाच्या वर राहतो, तो इनसाइड बार. दिवसाचा पल्ला म्हणजे उच्चांक व नीचांक यांतील फरक. तो गेल्या सात दिवसांत, आजचा धरून, सर्वांत कमी असेल तर त्या दिवसाला एनआर७ म्हणतात. चार दिवसांतला सर्वांत कमी असेल तर एनआर४. या दोन खुणा स्वतंत्र आहेत. अरुंद दिवस आदल्या दिवसाच्या आत असेलच असे नाही, पण दोन्ही एकाच दिवशी जुळल्या तर आकसणे अधिक ठळक मानले जाते. अमेरिकी ट्रेडर टोबी क्रेबेल यांच्या १९९० मधील पुस्तकामुळे ही परिभाषा रूढ झाली.

पद्धतीमागचा विचार असा, की भावाची हालचाल आलटून पालटून आकसते व फैलावते. अरुंद दिवशी खरेदी-विक्रीचा तोल जवळपास सारखा असतो. तो ढळला की भाव मोठा पल्ला गाठू शकतो. तो कोणत्या दिशेने जाईल, हे मात्र ही खूण सांगत नाही. म्हणून बारच्या उच्चांकाच्या किंचित वर खरेदीची आणि नीचांकाच्या किंचित खाली विक्रीची ऑर्डर लावतात. जी बाजू आधी लागेल तो सौदा, आणि दुसरे टोक हाच त्याचा स्टॉपलॉस. भाव विरुद्ध टोकाबाहेर गेला म्हणजे ब्रेकआउट फसला, हा त्यामागचा तर्क. बार अरुंद असल्याने हा स्टॉपलॉस जवळ पडतो.

काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शेअरचे सहा दिवसांचे पल्ले अनुक्रमे १६, १५, १४, ११, १३ व १२ रुपये आहेत. सहाव्या दिवशी उच्चांक ५२६ व नीचांक ५१४ होता. सातव्या दिवशी ५२२ व ५१६. सातवा दिवस सहाव्याच्या आत आहे आणि त्याचा सहा रुपयांचा पल्ला सातांत सर्वांत कमी आहे. आठव्या दिवशी खरेदीची ऑर्डर ५२२.५० ला व विक्रीची ५१५.५० ला लावली, तर जोखीम शेअरमागे सात रुपये होते. पाच लाखांच्या भांडवलावर एका सौद्यात एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये, गमावण्याची तयारी असेल तर ७१४ शेअर घेता येतात. भाव सात रुपये वर, ५२९.५० ला गेला की जोखमीइतका नफा झाला. तिथे काही जण अर्धा माल विकतात आणि उरलेल्याचा स्टॉपलॉस खरेदीच्या भावावर आणतात.

शेअर गॅप घेऊन ५२७ ला उघडला, तर खरेदी ५२७ च्या आसपासच होते आणि ५१५.५० पर्यंतचे अंतर साडेअकरा रुपये भरते. जोखीम तेवढीच ठेवायची तर ४३४ शेअरच घेता येतात. आदल्या रात्री ठरवलेली संख्या तशीच ठेवल्यास तोटा ८,२११ रुपयांवर जातो. म्हणून गॅपनंतर संख्या कमी करतात किंवा सौदा सोडतात.

नेहमीचा धोका दुहेरी माराचा. भाव ५२२.५० ला स्पर्शून परततो आणि ५१५.५० ला स्टॉपलॉस उडवतो. काही जण तिथेच उलटा सौदा घेतात; भाव पुन्हा वर आला की त्यातही तितकाच तोटा होतो. दलाली व कर धरता हा तोटा भांडवलाच्या दोन टक्क्यांहून थोडा अधिक भरतो. पल्ला फारच अरुंद असेल तर हा खर्च जोखमीच्या मानाने जड होतो. शिवाय अरुंद दिवसामागून आणखी अरुंद दिवस येणेही सामान्य आहे. म्हणून ऑर्डर पुढच्या एकाच दिवसापुरती ठेवून, न लागल्यास रद्द करण्याची रीत आहे.

भारतीय बाजारात आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. दिवाळीतील मुहूर्ताचे सत्र साधारण तासाभराचे असते. त्या दिवसाचा पल्ला लहान असला तरी ते आकसणे नव्हे. दिवसभर सर्किटला अडकलेल्या शेअरचा पल्ला शून्यावर येतो, पण तिथे तोल नसून एकतर्फी मागणी किंवा विक्री असते. असे दिवस मोजणीतून वगळावेत. रोख बाजारात हाती नसलेला शेअर विकल्यास तो त्याच दिवशी परत घ्यावा लागतो. खालच्या ब्रेकआउटचा सौदा पुढे न्यायचा असेल तर त्यासाठी वायद्यात जावे लागते.

पद्धत जुन्या आकड्यांवर तपासताना, ज्या दिवशी दोन्ही टोके मोडली त्या दिवशी आधी कोणते मोडले हे दैनिक उच्चांक-नीचांकावरून कळत नाही. अशा दिवसांसाठी मिनिटांचा डेटा पाहावा, अन्यथा निकाल वास्तवापेक्षा चांगले दिसू शकतात.