‘माझी त्वचा संवेदनशील आहे’ : एका निदानाचा इतिहास

१/
२००१ साली ब्रिटनमध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत उत्तर देणाऱ्या स्त्रियांपैकी ५१.४ टक्के आणि पुरुषांपैकी ३८.२ टक्के जणांनी आपली त्वचा संवेदनशील असल्याचे सांगितले. हे निदान कोणत्याही डॉक्टरने केलेले नव्हते. ज्याचे त्यानेच केले होते. निम्म्या स्त्रियांची त्वचा जर नाजूक, तर मग सर्वसाधारण त्वचा कोणाची? या धाग्यात त्या शब्दाचा इतिहास आणि त्यात झालेली एक मोठी गल्लत.

२/
आरंभ १८९५ साली होतो. ब्रेस्लाऊ (आजचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ) येथील त्वचारोगतज्ज्ञ योसेफ यादासोन यांनी संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून ठेवायचा आणि तेवढ्याच जागी पुरळ उठते का ते पाहायचे, अशी पद्धत मांडली. पाऱ्याच्या संयुगांनी होणाऱ्या विकाराचा शोध घेताना ती सुचली होती. आजची ‘पॅच टेस्ट’ ती हीच. रुग्णाच्या तक्रारीला प्रथमच डोळ्यांना दिसणारा पुरावा मिळाला.

३/
पुढे या पुराव्यावरून दोन कप्पे ठरले. पहिला ॲलर्जीचा : शरीराची संरक्षणव्यवस्था एखादा पदार्थ ओळखून ठेवते आणि पुढच्या भेटीत, बहुधा एक-दोन दिवसांनी, खाज, सूज व पुरळ उमटते. दुसरा क्षोभाचा : पदार्थ त्वचेला थेट इजा करतो. त्यासाठी जुनी ओळख लागत नाही. पुरेशी मात्रा पुरेसा वेळ मिळाली की कोणाचीही त्वचा क्षोभते.

४/
परंतु काही माणसे दोन्ही कप्प्यांत बसत नव्हती. चेहऱ्यावर काही लावले की त्यांची आग होई, चुणचुण होई. आरशात मात्र काहीच दिसत नसे. पॅच टेस्ट कोरी येई. पुरळ नाही म्हणजे तक्रार मनाची, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. या माणसांसाठी वेगळे मापन हवे होते, आणि ते फिलाडेल्फियात सापडले.

५/
१९७७ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील पीटर फ्रॉश आणि अल्बर्ट क्लिगमन यांनी झोंबण्याची चाचणी प्रसिद्ध केली. व्यक्तीला उष्ण, दमट खोलीत बसवून भरपूर घाम आणायचा. मग नाकाच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या घडीवर ५ टक्के लॅक्टिक आम्ल चोळायचे. दही आंबट करणारे आम्ल ते हेच.

६/
त्यानंतर ठरावीक मिनिटांनी एकच प्रश्न : किती झोंबते? उत्तर शून्य ते तीन या मापात. काहींना काहीच जाणवत नसे, काहींना मिनिटागणिक वाढणारी आग सोसवत नसे. या दुसऱ्या गटाला ‘स्टिंगर’ असे नाव पडले. झोंबणे आणि लाल होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे या चाचणीने ठसवले. त्वचेवर खूण नसतानाही आग खरी असू शकते.

७/
येथे क्लिगमन यांच्या कारकिर्दीची काळी बाजू नोंदवणे आवश्यक आहे. १९५१ ते १९७४ या काळात फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांवर त्वचाविषयक प्रयोग झाले, आणि त्यांचे नेतृत्व क्लिगमन यांच्याकडे होते. कैद्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती. मोबदला थोडा, आणि धोक्याची पुरेशी कल्पना दिलेली नसे. २०२२ साली शहराने त्याबद्दल अधिकृत माफी मागितली. त्वचेविषयीच्या आधुनिक ज्ञानाचा बराच भाग अशा पायावर उभा आहे.

८/
याच शहरातून आणखी दोन गोष्टी बाहेर पडल्या. क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी मुरुमांवर ट्रेटिनॉइन हे अ-जीवनसत्त्वापासून बनलेले औषध पुढे आणले. १९७१ साली ते अमेरिकेत मान्य झाले. १९७४ साली युजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू यांनी खवल्यांसारखी त्वचा होणाऱ्या रोगावर अल्फा हायड्रॉक्सी आम्लांचा उपयोग दाखवला. ग्लायकोलिक आम्ल या कुळातले. आणि लॅक्टिक आम्लही.

९/
ही दोन्ही मुळात रोगावरची औषधे. १९९०च्या दशकात ही आम्ले सौंदर्यप्रसाधनांत शिरली. १९९८ साली अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने घरगुती वापरासाठी मर्यादा सुचवली : प्रमाण १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५पेक्षा कमी नाही. ट्रेटिनॉइनचा सौम्य नातलग रेटिनॉल हादेखील दुकानात आला. पुढे २०१०च्या दशकात दहा टप्प्यांच्या कोरियन दिनक्रमाचे आकर्षण जगभर पसरले.

१०/
गल्लत नेमकी येथे होते. ज्या लॅक्टिक आम्लाने फ्रॉश आणि क्लिगमन यांनी प्रयोगशाळेत मुद्दाम आग निर्माण केली, तेच, त्याच ५ टक्के प्रमाणात, आज सीरमच्या बाटलीत मिळते. ते रोज रात्री लावणारा माणूस झोंबण्याची चाचणी स्वतःवर रोज करतो आणि तिचा निकाल ‘माझी त्वचाच संवेदनशील’ असा वाचतो. प्रयोगशाळेत हा पदार्थ एकदा लावून थांबत असत. घरात त्याच्यावर आणखी चार थर चढतात.

११/
थरांनी काय होते? त्वचेचा सर्वांत वरचा पापुद्रा विटांच्या भिंतीसारखा असतो : मृत पेशी या विटा, त्यांना सांधणारा स्निग्ध पदार्थ हा चुना. १९८०च्या दशकात पीटर इलायस यांनी ही उपमा रूढ केली. फेसाळ क्लेन्झर चुना धुऊन नेतो, आम्ल विटांचे सांधे सैल करते, रेटिनॉल नव्या विटा घाईने वर ढकलते. एकेकटे सोसवते. तिन्ही मिळून भिंतीला फटी पडतात आणि बाहेरचे सारे खालच्या मज्जातंतूंपर्यंत पोहोचते.

१२/
आता आग होते ती भिंत मोडल्यामुळे. ज्याच्या मज्जातंतूच मुळात हळव्या आहेत, त्यालाही अशीच आग होते. दोघांचे शब्द एक, कारणे दोन. म्हणूनच केवळ लक्षण ऐकून निवाडा होत नाही. १९८०च्या दशकात न्यूयॉर्कचे अलेक्झांडर फिशर यांनी कोणतेही प्रसाधन न सोसणाऱ्या अवस्थेला ‘स्टेटस कॉस्मेटिकस’ म्हटले. १९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोचे हॉवर्ड मायबाख यांनी ‘प्रसाधन-असहिष्णुता’ असा शब्द वापरला.

१३/
मायबाख यांचा उपाय कठोर होता : जवळजवळ सारी प्रसाधने सहा ते बारा महिने बंद, मग एकेक परत. त्यामागचा विचार साधा आहे. त्वचेला विश्रांती दिल्याखेरीज तिचा मूळ स्वभाव कळत नाही. २००० सालच्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासाने त्याला वेगळ्या बाजूने दुजोरा दिला. मॉइश्चरायझर, नाइट क्रीम आणि फाउंडेशन ही तिन्ही एकत्र वापरणाऱ्या स्त्रियांत तोंडाभोवती पुरळ येण्याचा धोका तेरा पट आढळला. त्यांत एकही तीव्र आम्ल नव्हते. थरांची बेरीजच पुरेशी होती.

१४/
एक कल्पित उदाहरण पाहता येईल. बावीस वर्षांची तरुणी. शाळेत असताना साधा साबण, कोल्ड क्रीम, उन्हाळा, घाम. कशाचाच त्रास नाही. गेले चार महिने सकाळी फेसाळ क्लेन्झर व क जीवनसत्त्वाचे सीरम, रात्री लॅक्टिक आम्ल आणि त्यावर रेटिनॉल. आता गाल ताणलेले, चकचकीत, नाकाजवळ बारीक कोंडा, आणि साध्या पाण्यानेही आग. ‘संवेदनशील त्वचेसाठी’ लिहिलेली आणखी दोन उत्पादने तिने घेतली; आग वाढली.

१५/
या चित्रात खुणा स्पष्ट आहेत. त्रासाला प्रारंभाची तारीख आहे. जिथे लावले तिथेच तो आहे. मान आणि हात शांत आहेत. पाणीसुद्धा झोंबते, म्हणजे दोष पाण्यात नसून भिंतीत आहे. उलट, खऱ्या संवेदनशीलतेची कहाणी सहसा जुनी असते : थंड वारा, ऊन, घाम, तिखट खाणे, कोणतेही क्रीम, अशा असंबद्ध गोष्टींनी वर्षानुवर्षे चेहरा चुणचुणतो, आणि दिनक्रम रिकामा असला तरी चुणचुणतो.

१६/
निवाड्याची रीत अशी. चार आठवडे फक्त तीन वस्तू : सौम्य, बिनसुगंधी क्लेन्झर, साधे मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. वरचा पापुद्रा नव्याने भरून यायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत निकाल मागू नये. आग ओसरली तर दोष दिनक्रमाचा. मग एकेक वस्तू परत आणायची. आधी हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूस दिवसातून दोनदा, सात दिवस. दोन नव्या वस्तू एकाच आठवड्यात आल्या, तर निकाल पुन्हा गढूळ.

१७/
या रीतीच्या मर्यादाही आहेत. खाज आणि सूज एक-दोन दिवसांनी उमटत असेल, तर प्रश्न ॲलर्जीचा आहे, आणि तिथे यादासोन यांचीच पॅच टेस्ट लागते. चेहरा सतत लाल राहत असेल तर रोझेशिया, कोपरांच्या आतल्या बाजूस आणि गुडघ्यांच्या मागे चट्टे असतील तर एक्झिमा असू शकतो. हे विकार त्वचारोगतज्ज्ञानेच पाहावेत; प्रसाधने थांबवून ते जात नाहीत.

१८/
भारतात आणखी एक कारण आहे : गोरेपणासाठी किंवा मुरुमांसाठी परस्पर घेतलेली स्टिरॉइड क्रीम. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातील १२ केंद्रांवरच्या अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला अशी क्रीम लावत होते. ती थांबवली की आग व लाली उलट भडकते, आणि रुग्णाला वाटते, ‘क्रीमशिवाय माझी त्वचा सोसत नाही.’ येथे स्वतःहून थांबवणे धोक्याचे; डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

१९/
२०१७ साली खाज या विषयाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने संवेदनशील त्वचेची व्याख्या ठरवली : ज्या उद्दीपनाने सहसा त्रास होऊ नये, त्याने होणारी आग, टोचणी, चुणचुण, वेदना किंवा खाज, त्वचा मात्र अगदी सामान्य दिसू शकते. ‘सहसा त्रास होऊ नये’ या शब्दांत सारा निवाडा आहे. साध्या मॉइश्चरायझरने आग होणे हे लक्षण आहे. एका रात्रीत आम्ल आणि रेटिनॉल एकावर एक लावून आग होणे ही फ्रॉश आणि क्लिगमन यांना अपेक्षित असलेलीच गोष्ट आहे.

२०/
ज्यांना पुरळ नसताना आग होत होती त्यांना पूर्वी कोणी खरे मानत नव्हते. व्याख्येने त्यांना न्याय दिला. तोच शब्द सर्वांनी घेतला, तेव्हा तो बाटलीवरचा छाप झाला आणि खरे रुग्ण पुन्हा गर्दीत हरवले. दोघांना वेगळे ओळखायला लागणारे साधन मात्र जुनेच आहे आणि त्याला दुकानात जावे लागत नाही : चार आठवडे, तीन वस्तू, आणि त्यानंतर एका वेळी एकच बदल.

(धागा समाप्त)