हेक्टरी शिफारशीपासून गोणीपर्यंत : निर्णा परिसरातील तुरीच्या खताचा हिशेब

बीदर जिल्ह्यातील निर्णा परिसरात एकाच गावाच्या शिवारात काळी भारी जमीन आणि तांबडी जांभ्याची जमीन अशा दोन्ही आढळतात. खरिपात तूर, सोयाबीन, उडीद, मूग ही येथील नित्याची पिके. शेजारचा कलबुर्गी जिल्हा तर तुरीसाठीच ओळखला जातो. या पिकांसाठी खताची शिफारस हेक्टरी किलोत छापलेली असते, शेतकऱ्याचा सात-बारा किंवा पहाणी एकर-गुंठ्यांत असते आणि दुकानदार माल गोणीत देतो. तीन मापांच्या या प्रवासात पैसा कोठे वाया जातो, हे कोरडवाहू तुरीच्या एका उदाहरणावरून पाहता येते.

कोरडवाहू तुरीसाठी हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद ही सर्वपरिचित शिफारस आहे. त्यासोबत हेक्टरी २० किलो गंधक द्यावे, असेही सांगितले जाते. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. त्यामुळे या आकड्यांना अडीचने भागले की एकरी १० किलो नत्र, २० किलो स्फुरद आणि ८ किलो गंधक उरते. हा भागाकार राहून गेला तर चूक लहान राहत नाही. ५० किलो स्फुरद एकरालाच धरून डीएपी मोजले, तर एकरी एक गोणीच्या ऐवजी दोनांहून अधिक गोण्या लागतात. मृद आरोग्य पत्रिकेवरील आकडा हेक्टरचा आहे की एकराचा, हे म्हणूनच सर्वप्रथम वाचावे.

येथे ‘स्फुरद’ म्हणजे काय, हेही स्पष्ट असावे. शिफारशीतील आणि गोणीवरील स्फुरदाचा आकडा हा मूळ मूलद्रव्याचा नसून त्याच्या ऑक्साइडच्या रूपातील (P2O5) असतो. परदेशी पुस्तकांत कित्येकदा शुद्ध मूलद्रव्याचा आकडा देतात. तो याच्या सुमारे ४४ टक्के भरतो. दोन्ही बाजूंना एकच माप असेल तर कोणतेही रूपांतर करावे लागत नाही.

गोणीवरचे आकडे शंभर किलोमागचे असतात, हे लक्षात घेतले की पुढचे गणित साधे होते. डीएपीवर १८:४६:० लिहिलेले असते. म्हणजे ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के आणि गंधक ११ टक्के. त्याच्या ५० किलोच्या गोणीत ८ किलो स्फुरद आणि साडेपाच किलो गंधक मिळते. युरियात नत्र ४६ टक्के असते, पण त्याची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली आहे. जुन्या सवयीने ती ५० किलोची धरली तर २३ किलो नत्र गृहीत धरले जाते आणि प्रत्यक्षात २०.७ किलोच पडते.

भावाकडे वळू. ४५ किलोच्या निंबोळीयुक्त युरियाची किंमत २६६ रुपये ५० पैसे आणि डीएपीच्या गोणीची १,३५० रुपये धरली आहे. सुपर फॉस्फेटची किंमत कंपनीनुसार व हंगामानुसार बदलते. येथे उदाहरणादाखल ५०० रुपये धरली आहे, वाचकाने आपल्या दुकानातील गोणीवर छापलेली किंमत त्या जागी घालावी. युरिया इतका स्वस्त का, याचे कारण धोरणात आहे. १ एप्रिल २०१० पासून स्फुरद-पालाशयुक्त खतांना अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान लागू झाले. युरिया मात्र त्या योजनेबाहेर, सरकारने ठरवलेल्या किमतीतच राहिला. परिणामी युरियातील एक किलो नत्र सुमारे १२ रुपये ९० पैशांना पडते.

तुलना गोणीच्या किमतीची नसते, किलोभर अन्नद्रव्याच्या किमतीची असते. डीएपीच्या गोणीतील ९ किलो नत्राचे युरियाच्या दराने ११६ रुपये होतात. ते १,३५० मधून वजा केले तर २३ किलो स्फुरदासाठी १,२३४ रुपये उरतात, म्हणजे किलोमागे सुमारे ५३ रुपये ७० पैसे. सुपर फॉस्फेटच्या ८ किलो स्फुरदासाठी ५०० रुपये मोजले तर किलोमागे ६२ रुपये ५० पैसे पडतात. पहिल्या नजरेला डीएपी स्वस्त दिसते. पण सुपर फॉस्फेटच्या गोणीतील ८ किलो स्फुरदाची डीएपीच्या दराने किंमत ४२९ रुपये होते आणि उरलेल्या ७१ रुपयांत साडेपाच किलो गंधक येते. किलोला जेमतेम १३ रुपये. ४२९ हा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सुपर फॉस्फेटची गोणी याहून स्वस्त मिळाली तर गंधक फुकट पडते. महाग मिळाली तर जास्तीचे पैसे गंधकासाठी जातात, आणि ते योग्य आहेत की नाही हे जमिनीला गंधक हवे आहे का यावर ठरते.

आता ३ एकर १० गुंठ्यांचे शेत घ्या. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून हे क्षेत्र सव्वातीन एकर. त्याला ३२.५ किलो नत्र, ६५ किलो स्फुरद आणि २६ किलो गंधक हवे.

पहिला मार्ग बहुतेक जण घेतात तो, डीएपीचा. ६५ किलो स्फुरदासाठी १४१ किलो डीएपी लागते. गोणी फोडून मिळत नाही, म्हणून तीन गोण्या. त्यातून स्फुरद ६९ आणि नत्र २७ किलो मिळते. राहिलेल्या साडेपाच किलो नत्रासाठी १२ किलो युरिया पुरे होतो, पण गोणी पूर्ण घ्यावी लागते. खर्च ४,३१६ रुपये ५० पैसे. गंधक मात्र शून्य. डीएपीतील नत्र हिशेबात न धरता युरियाची पूर्ण गोणी टाकून देणे, ही येथील नेहमीची चूक. त्यामुळे तुरीला गरजेपेक्षा सुमारे १५ किलो जास्त नत्र जाते आणि झाड शेंगेपेक्षा पाल्यावर वाढण्याचा धोका राहतो.

दुसरा मार्ग सुपर फॉस्फेट आणि युरियाचा. आठ गोण्यांतून ६४ किलो स्फुरद आणि ४४ किलो गंधक मिळते. नत्रासाठी सुमारे ७१ किलो युरिया, म्हणजे दोन गोण्या. खर्च ४,५३३ रुपये. शिवाय चारऐवजी दहा गोण्यांची हमाली आणि भाडे. गोणीमागे २० रुपये धरले तरी १२० रुपये वाढतात. गंधक गरजेच्या दीडपटीहून अधिक पडते, म्हणजे त्यातला काही भाग विनाकारण विकत घेतला गेला.

बहुतेक वेळा विचारात न घेतलेला तिसरा मार्ग दोन्हींच्या मधला आहे : डीएपीची एक गोणी, सुपर फॉस्फेटच्या पाच आणि युरियाची एक. स्फुरद २३ अधिक ४० मिळून ६३ किलो, नत्र ९ अधिक २०.७ मिळून २९.७ किलो, गंधक साडेसत्तावीस किलो. स्फुरद दोन किलोने आणि नत्र तीन किलोने कमी पडते; तूर स्वतः हवेतील नत्र बांधून घेते आणि बहुतेक शेतांत थोडेफार शेणखत पडते, हे पाहता ही तूट चिंतेची नाही. खर्च ४,११६ रुपये ५० पैसे, म्हणजे तिन्हींत कमी, आणि एकही गोणी अर्धवट उरत नाही. डीएपीच्या मार्गापेक्षा रोख खर्चात दोनशे रुपयांची बचत होऊन गंधक मिळते. वेगळे गंधक घ्यायचे तर ९० टक्क्यांचे दाणेदार गंधक सुमारे २९ किलो आणावे लागले असते. या मार्गात सात गोण्या वाहाव्या लागतात, म्हणून डीएपीच्या तुलनेत हमालीचे ६० रुपये वाढतील. हे अर्थात वर धरलेल्या भावांनुसार. सुपर फॉस्फेट ५४० रुपयांवर गेले तर पाच गोण्यांचे दोनशे रुपये वाढून फायदा संपतो आणि केवळ गंधकाची गरज निर्णायक ठरते.

२०:२०:०:१३ या खताबद्दलही विचारणा होते, कारण त्यात गंधक असते. ६५ किलो स्फुरदासाठी ते ३२५ किलो लागेल, साडेसहा गोण्या. नत्रही तेवढेच ६५ किलो जाईल, गरजेच्या दुप्पट. गोणीचा भाव १,३०० धरला तरी खर्च ८,४५० रुपये होतो. ज्वारी किंवा उसासाठी ते उपयोगी असेल. कडधान्याला ते महागडे आहे. १०:२६:२६ चीही तीच गत, त्यात पालाशाचे पैसे मोजावे लागतात. माती परीक्षणात पालाश कमी आढळले असेल तरच त्याचा विचार करावा.

दुकानदाराने खताबरोबर दुसरा माल घेण्याचा आग्रह धरला, तर त्याची किंमतही याच हिशेबात धरावी. दोनशे रुपयांची बचत एका अनावश्यक बाटलीत जाते. खरेदीची पावती घ्यावी, त्यावरील किंमत गोणीवर छापलेल्या किमतीशी ताडून पाहावी.

मोजलेले खत शेतात पोहोचले की नाही, याचीही तपासणी आहे. तिसऱ्या मार्गात डीएपी व सुपर फॉस्फेट मिळून ३०० किलो आणि युरिया ४५ किलो, एकूण ३४५ किलो खत १३० गुंठ्यांत जायचे आहे. म्हणजे गुंठ्याला सुमारे २ किलो ६५० ग्रॅम. शेताच्या कडेला ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद असा एक गुंठा आखावा, पाभरीच्या खताच्या चाड्यात वजन केलेले खत घालावे आणि तो गुंठा संपल्यावर उरलेले पुन्हा तोलावे. तीन किलोंहून जास्त गेले असेल तर चाड्यातील धार कमी करावी. ही दहा मिनिटांची मोजणी न केल्यास शेताच्या शेवटच्या एकराला खत उरत नाही, आणि हे लक्षात येते तेव्हा पेरणी संपलेली असते.

युरिया आणि सुपर फॉस्फेट एकत्र केल्यावर मिश्रण ओलसर होऊन चिकटते, म्हणून ते बांधावर, त्याच दिवशी लागेल तेवढेच मिसळावे. खत बियाण्याला चिकटून न पडता त्याच्या बाजूला व दोन इंच खाली पडले पाहिजे. युरिया बियाण्याजवळ आला तर उगवण मार खाते. निर्णा भागातील तांबड्या जांभ्याच्या जमिनीत लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, त्यामुळे तेथे फेकून दिलेले स्फुरद पिकाला फार कमी मिळते. पाभरीने ओळीत दिलेले खत थोड्याच मातीच्या संपर्कात येते, म्हणून अधिक उपलब्ध राहते. त्याच मात्रेचा परिणाम काळ्या आणि तांबड्या रानात वेगळा दिसतो, त्याचे हे एक कारण.

माती परीक्षण केले असेल तर सर्वसाधारण शिफारशीऐवजी त्याचा आकडा घ्यावा. स्फुरद ‘जास्त’ असल्याचे पत्रिकेत लिहिले असेल, तर मात्रा कमी करता येते आणि वरचा संपूर्ण हिशेब नव्या आकड्यावर पुन्हा मांडावा लागतो. होबळीच्या रयत संपर्क केंद्रात किंवा बीदरच्या कृषी विज्ञान केंद्रात जाताना पत्रिका, क्षेत्राचा एकर-गुंठ्यांतील आकडा आणि दुकानातील त्या दिवशीचे भाव सोबत न्यावेत.