घरून काम करताना खुर्ची आणि टेबल कसं निवडावं?

पुण्यातल्या कंपनीचं काम संगमनेर, श्रीरामपूर किंवा शेवगावच्या घरी बसून करणारे अनेक जण मान आणि कंबर धरून दवाखान्यात येतात. त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "डॉक्टर, कोणती खुर्ची घेऊ?" त्याचं उत्तर देण्याआधी मी शिंप्याची टेप काढतो.

दोन मापं घ्या. पहिलं, अनवाणी बसून जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचं. घरात आपण बूट घालत नाही, त्यामुळे ऑफिसात बरोबर वाटणारी खुर्ची घरी दोन-तीन सेंटीमीटर उंच पडते. दुसरं, खांदे सैल सोडून कोपर काटकोनात वाकवल्यावर बैठकीपासून कोपरापर्यंतचं.

एक उदाहरण घेऊ. पाच फूट एक इंच उंचीच्या एका महिलेची ही मापं ३८ आणि २२ सेंटीमीटर आली. म्हणजे तिचा कीबोर्ड जमिनीपासून साधारण ६० सेंटीमीटरवर हवा. ती काम करत होती ७५ सेंटीमीटर उंच डायनिंग टेबलावर, ४५ सेंटीमीटरच्या खुर्चीत बसून. कोपर ६७ वर आणि टेबल ७५ वर, त्यामुळे खांदे दिवसभर उचललेले. मान त्यामुळेच दुखत होती. मग तिने महागडी खुर्ची घेतली आणि ती ५३ पर्यंत वर केली. मान सैल झाली, पण पाय अधांतरी लोंबू लागले, मांड्यांखाली दाब आला आणि पायांना मुंग्या येऊ लागल्या. खुर्ची वाईट नव्हती, टेबल उंच होतं.

उपाय स्वस्त निघाला. सुताराकडून ६५ सेंटीमीटर उंचीचं साधं टेबल करून घेतलं, मांड्या अडू नयेत म्हणून खाली ड्रॉवर न लावता. खुर्ची सर्वांत खालच्या उंचीवर, म्हणजे ४३ वर ठेवली आणि पायाखाली पाच सेंटीमीटरचा पाट. लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर, कीबोर्ड आणि माउस वेगळे. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली असावी. टेबल बदलणं शक्य नसेल, तर खुर्ची वर करून पायाखाली उंच, हलणार नाही असा स्टूल ठेवा.

म्हणून खुर्ची बघताना आधी विचारा की ती कमीत कमी किती खाली येते. जाहिरातीत जास्तीत जास्त उंची मोठ्या अक्षरात असते, पण बुटक्या माणसाला तिचा उपयोग नाही. त्यानंतर बैठकीची खोली बघा. पाठ टेकून बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि गुडघ्यामागची खळगी यांत दोन-तीन बोटं जागा राहायला हवी. ती राहिली नाही, तर तुम्ही पुढे सरकून बसणार आणि कमरेचा आधार कितीही चांगला असला तरी वाया जाणार. पुढे-मागे सरकणारी बैठक मिळाली तर उत्तम. हाताचे टेकू खाली-वर होणारे असावेत, नाहीतर ते टेबलाला अडतात.

फोमबद्दल सर्वांत जास्त फसगत होते. दुकानात पाच मिनिटं बसल्यावर मऊ फोम छान वाटतो. खरी परीक्षा वीस मिनिटांनी होते. बसायच्या हाडांना खालचं प्लायवूड जाणवायला लागलं, तर तो फोम तुमचं वजन पेलत नाही. घनता आणि कडकपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. घनता कमी असलेला फोम सुरुवातीला कडक असला तरी लवकर चेपतो. घनमीटरला ४० ते ५० किलो घनतेचा, साच्यात घडवलेला फोम बरा. विक्रेत्याला घनता सांगता येत नसेल, तर वॉरंटीत फोमचा उल्लेख आहे का ते बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाठीला जाळी चांगली. बैठकही जाळीची असेल, तर तिची कडक चौकट मांडीला टोचत नाही ना, हे बसून पाहा.

गोदरेज इंटेरिओ, फेदरलाइट हे ऑफिस फर्निचरमधले जुने उत्पादक आहेत. पण नाव पाहून थांबू नका. गॅस लिफ्ट, चाकं आणि टेकू सुटे मिळतात का, दुरुस्तीला माणूस तुमच्या गावात येतो का, की खुर्ची पुण्याला पाठवावी लागते, हे आधी विचारा. कामाच्या खुर्च्यांसाठी आयएस १७६३१ आणि टेबलांसाठी आयएस १७६३३ हे भारतीय मानक आहे. पावतीवर किंवा लेबलवर ते शोधा.

नवी खुर्ची आल्यावरही दर अर्ध्या तासाने उठावंच लागतं. कळ नितंबातून पायात उतरत असेल, हातापायाची ताकद कमी वाटत असेल किंवा दुखण्याने रात्री झोपमोड होत असेल, तर खुर्ची शोधण्याआधी डॉक्टरांना दाखवा. लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.