स्ट्रीमिंगमधील कमी रेझोल्यूशन

स्ट्रीमिंगमधील कमी रेझोल्यूशन म्हणजे पडदा अधिक स्पष्ट चित्र दाखवू शकत असूनही इंटरनेटवरून येणारे चित्र ४८०पी किंवा त्याहून खालच्या पातळीवर अडकून राहण्याची स्थिती होय. जोडणीचा वेग, उपकरणाची मर्यादा, केबल आणि ॲपमधील सेटिंग ही तिची प्रमुख कारणे आहेत. यांपैकी सर्वांत कमी मर्यादा ज्या घटकाची असेल, त्यावरून अंतिम चित्राचा दर्जा ठरतो. त्यामुळे एक घटक सुधारूनही अनेकदा फरक पडत नाही.

## बँडविड्थ

स्ट्रीमिंग सेवा एकच चित्रपट अनेक रेझोल्यूशनमध्ये साठवतात आणि प्रत्येक आवृत्तीचे काही सेकंदांचे तुकडे करतात. मागील तुकडे किती वेगाने आले आणि पुढचा किती साठा हाताशी आहे, हे पाहून ॲप पुढील तुकड्याची आवृत्ती निवडते. नेटफ्लिक्स ७२०पीसाठी ३, १०८०पीसाठी ५ आणि ४केसाठी १५ एमबीपीएस वेगाची शिफारस करते. या आकड्यांपेक्षा योजनेचा वेग पुष्कळ अधिक असला, तरी जाड भिंतींमुळे किंवा शेजारच्या वाय-फाय जाळ्यांच्या गर्दीमुळे टीव्हीपर्यंत पोहोचणारा वेग कमी असू शकतो. या कारणाची खूण म्हणजे दर्जा स्थिर राहत नाही. तो गर्दीच्या वेळी घसरतो आणि नंतर पुन्हा सुधारतो.

कधी मर्यादा सेवेकडूनच घातली जाते. कोविड-१९च्या टाळेबंदीत मोबाइल जाळ्यांवरील ताण वाढल्याने मार्च २०२० मध्ये भारतातील प्रमुख स्ट्रीमिंग सेवांनी मोबाइल जाळ्यांवरील चित्र १४ एप्रिलपर्यंत ४८०पीपुरते मर्यादित ठेवण्याचा निर्णय घेतला. त्या काळात मोबाइल डेटाचा वेग चांगला असूनही चित्राचा दर्जा वाढत नसे.

## उपकरणाची मर्यादा

सशुल्क चित्रपट कूटबद्ध स्वरूपात येतात. अँड्रॉइड उपकरणांवर त्यांचे संरक्षण वाइडवाइन ही प्रणाली करते. तिच्या एल१ पातळीत कूट उकलण्याचे आणि चित्रावरील प्रक्रियेचे काम प्रोसेसरच्या सुरक्षित भागात होते, तर एल३ पातळीत ते सॉफ्टवेअरमध्ये होते. एल३ उपकरणांना अनेक सेवा एचडी आवृत्ती देत नाहीत. काही फोनमध्ये बूटलोडर उघडल्यावर एल१ पातळी नाहीशी होते. नेटफ्लिक्सच्या अँड्रॉइड ॲपमध्ये `App Settings` मधील `Playback Specification` येथे ही पातळी दिसते. तेथे `Widevine: L3` असे असल्यास इंटरनेट योजना बदलून उपयोग होत नाही.

## केबल

पिवळ्या, पांढऱ्या व लाल टोकांची जुनी एव्ही केबल केवळ एसडी चित्र वाहून नेते. एचडीएमआय केबल मात्र चित्र हळूहळू पुसट करत नाही. ती सदोष असल्यास पडदा काळा होतो, लुकलुकतो किंवा ठिपके दिसतात. तिच्या मार्गाने दर्जा घसरण्याचे नेहमीचे कारण एचडीसीपी हे प्रतिरोधक संरक्षण होय. ४केसाठी सामान्यतः एचडीसीपी २.२ आवश्यक असते. मार्गातील एखादा जोड हे संरक्षण पाळत नसेल, तर काही ॲप चित्र दाखवतच नाहीत आणि काही खालची आवृत्ती देतात.

## सेटिंग

डेटा बचतीचा पर्याय चालू राहिल्यास ॲप जाणीवपूर्वक खालची आवृत्ती मागते. नेटफ्लिक्समध्ये हा पर्याय प्रत्येक प्रोफाइलसाठी वेगळा असतो. त्यामुळे एकाच टीव्हीवर एका प्रोफाइलमध्ये चित्र स्पष्ट आणि दुसऱ्यात पुसट दिसू शकते. सदस्यत्वाची योजनाही मर्यादा घालते. भारतात जुलै २०१९ मध्ये सुरू झालेली नेटफ्लिक्सची मोबाइल योजना ४८०पीपुरतीच होती.

## निदान

पुढील कल्पित उदाहरणातून तपासणीचा क्रम स्पष्ट होतो. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील एका जुन्या घरात ५० एमबीपीएसची जोडणी आहे. राउटर दर्शनी खोलीत आणि टीव्ही जाड भिंतीपलीकडे आहे. टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक जोडलेली असून सशुल्क ॲपमधील चित्र दिवसरात्र ४८०पीवरच राहते.

प्रथम संशय भिंतीवर जातो. परंतु त्याच स्टिकवर यूट्यूबवरील विनामूल्य चित्रफीत १०८०पीमध्ये अखंड चालते. यूट्यूबच्या `Stats for nerds` या पर्यायात `Connection Speed` पुढे २० एमबीपीएसहून अधिक वेग दिसतो. म्हणजे वेग पुरेसा आहे. डेटा बचत बंद आहे आणि योजना १०८०पीची आहे. हीच स्टिक दुसऱ्या टीव्हीला थेट लावल्यावर सशुल्क ॲपही १०८०पी दाखवते. त्यामुळे स्टिकही निर्दोष ठरते. उरतो तो स्टिक आणि पहिल्या टीव्हीमधील एचडीएमआय स्प्लिटर. तो काढून स्टिक थेट जोडल्यावर चित्र सुधारते, कारण स्प्लिटर एचडीसीपी पाळत नव्हता.

या क्रमातील निर्णायक तुलना विनामूल्य आणि सशुल्क ॲपमधील आहे. दोन्हीकडे चित्र पुसट असल्यास वेग किंवा एव्ही केबल आधी तपासावी. केवळ सशुल्क ॲपमध्ये ते सतत एकाच पातळीवर थांबत असल्यास संरक्षण, योजना किंवा सेटिंगकडे वळावे.