बिसलेरी, मिनरल आणि बीडचा जार

मे महिन्यात बीडच्या बसस्थानकाजवळच्या टपरीवर गिऱ्हाईक "बिसलेरी द्या" म्हणतं, टपरीवाला हाताला येईल त्या कंपनीची बाटली पुढे करतो आणि देणारा-घेणारा दोघंही तिला मिनरल वॉटर समजतात. बाटलीवर मात्र जवळजवळ नेहमीच 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' असं छापलेलं असतं. कायद्याच्या लेखी ही दोन वेगळी पाणी आहेत. दोन्ही एकाच नावाखाली कशी आली, याची गोष्ट ठाण्यापासून सुरू होते.

फेलिचे बिसलेरी हा इटलीचा उद्योजक. लोहयुक्त टॉनिक विकून त्याने नाव कमावलं. १९२१ साली तो वारला आणि धंदा त्याच्या डॉक्टर मित्राकडे, रोस्सी यांच्याकडे गेला. रोस्सी आणि मुंबईचे खुश्रू सनटूक यांनी १९६५ च्या सुमारास ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पाण्याचा कारखाना काढला. काचेच्या बाटलीत, साधं आणि बुडबुड्यांचं असं दोन प्रकारचं पाणी मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत जाऊ लागलं. पैसे देऊन पाणी कोण पिणार, हा प्रश्न तेव्हा खराच होता. १९६९ मध्ये पार्लेच्या चौहानांनी ही कंपनी अवघ्या चार लाखांत घेतली, तीही मुख्यतः सोड्यासाठी. पुढे काच जाऊन प्लॅस्टिकची बाटली आली. ती हलकी, न फुटणारी आणि परत न द्यावी लागणारी होती. तिच्यामुळेच पाणी हॉटेलातून निघून स्टँडवर आणि रेल्वे फलाटावर पोहोचलं.

हे पाणी कुठल्या झऱ्याचं नव्हतं. उपलब्ध पाणी शुद्ध करायचं, त्यातले क्षार काढायचे, चवीपुरते पुन्हा घालायचे आणि बाटली भरायची, असा तो उद्योग होता. खनिजं घातली म्हणून ते मिनरल. युरोपात या शब्दाचा अर्थ नेमका उलटा होता. तिथे ठरावीक जमिनीखालून येणारं, वर्षानुवर्षं तीच क्षारांची घडण राखणारं आणि माणसाने जवळजवळ हात न लावलेलं पाणी तेवढं मिनरल. आपल्याकडे नाव तिथलं आलं आणि पद्धत कारखान्याची राहिली.

कायद्याने हा घोळ २००० साली सोडवला. त्या सप्टेंबरात केंद्र सरकारने अधिसूचना काढली आणि २९ मार्च २००१ पासून बाटलीबंद पाण्याला आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. दोन पाण्यांची दोन मानकं ठरली. आयएस १४५४३ हे पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटरचं आणि आयएस १३४२८ हे नॅचरल मिनरल वॉटरचं. पहिल्यात पाणी कुठूनही घ्या, बोअरचं, नदीचं, नळाचं; ते गाळा, आरओमधून काढा, अतिनील दिव्याखालून न्या, ओझोन सोडा, हवं तर क्षार घाला. कसोटी शेवटच्या पाण्याची. दुसऱ्यात कसोटी उगमाची. पाणी उगमाजवळच भरायचं, गाळण्यासारख्या मोजक्या गोष्टींपलीकडे काही करायचं नाही आणि उगमाचं नाव लेबलवर द्यायचं. म्हणून खरं मिनरल वॉटर आपल्या बाजारात मोजकंच आहे. हिमाचलातल्या सिरमौरमधल्या भूजलावर भरलं जाणारं 'हिमालयन' हे त्यातलं ओळखीचं नाव. ते महाग पडतं याचं कारण ते जास्त शुद्ध आहे असं नव्हे, ते लांबून येतं हे आहे.

जास्त पैसे मोजणाऱ्याला एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. खऱ्या मिनरल वॉटरमधले जंतू मारलेले नसतात. उगमाचे निरुपद्रवी जिवाणू त्यात असतातच आणि बाटली बंद असतानाही काही दिवसांत ते वाढून मिलिलिटरमागे हजारोंच्या घरात जातात. त्यात बिघडत काही नाही. बंधन आहे ते विष्ठेतून येणाऱ्या जंतूंवर. २५० मिलिलिटर पाण्यात ई. कोलायचा एकही जिवाणू चालत नाही आणि हा नियम दोन्ही पाण्यांना सारखाच आहे. आजाऱ्याला किंवा तान्ह्या बाळाला 'मिनरलच द्या' असा हट्ट धरला जातो, त्याला म्हणूनच आधार नाही. बाळाची पावडर कालवायची असेल तर पाणी कुठलंही असो, ते उकळावंच लागतं.

आता बीडच्या स्टँडवरची ती बाटली उलटी करून वाचू. पाण्याच्या नावानंतर पाहायचा तो अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक. तो ११५ ने सुरू होत असेल तर पहिला १ म्हणजे परवाना, पुढचे १५ म्हणजे महाराष्ट्र आणि त्यापुढचे दोन आकडे परवाना दिल्याचं साल. केंद्राच्या परवान्याची सुरुवात १०० ने होते. आयएसआय चिन्ह असेल तर त्याच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो 'बीआयएस केअर' या मोबाइल अॅपवर टाकला की कारखान्याचं नाव-गाव आणि परवाना चालू आहे की नाही हे दिसतं. चिन्ह आहे पण खालचा क्रमांक नाही, किंवा अॅपवर दुसऱ्याच गावाचा कारखाना निघाला, तर ती बाटली घेऊ नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही आयएसआयची सक्ती उठली. लगेच नोव्हेंबरात बाटलीबंद पाणी 'उच्च जोखमीचं अन्न' ठरवून कारखान्यांना दरवर्षी त्रयस्थाकडून तपासणी लावली गेली. त्यामुळे नुसतं चिन्ह नाही म्हणून आता बाटली बेकायदा ठरत नाही. अन्न परवाना, बॅच क्रमांक, भरल्याची तारीख आणि मुदत मात्र हवीच.

एवढं सगळं सीलबंद बाटलीचं झालं. बीड जिल्ह्यातली बहुतेक माणसं जे विकत घेऊन पितात, ते पाणी या दोन्ही नावांत बसत नाही. ते जारचं पाणी.

बीडचा पाण्याचा इतिहास जुना आहे. निजामशाहीच्या काळात, १५८२ च्या सुमारास, शहराबाहेर खजाना बावडी बांधली गेली. जमिनीखालच्या भुयारी पाटांतून तिचं पाणी उताराने वाहत शेता-बागांना पोहोचायचं. गेल्या काही दशकांत या जिल्ह्याने नेमकं उलटं केलं. बोअर खोल गेले, पाणी जड झालं, नळाचं पाणी उन्हाळ्यात कित्येक दिवसांआड येऊ लागलं. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांनी टँकर अंगवळणी पाडला आणि त्याच्या पाठोपाठ गावोगाव आरओचे प्लँट उभे राहिले. बोअरचं पाणी आरओतून काढायचं, थंड करायचं, वीस लिटरच्या जारमध्ये नळीने भरायचं आणि टेम्पोतून घरोघर, दुकानांत, लग्नाच्या मांडवात टाकायचं. जारला सील नाही, लेबल नाही, भरल्याची तारीख नाही. पॅकबंद नाही म्हणून पॅकेज्ड पाण्याचे नियम त्याला लागत नाहीत आणि सार्वजनिक पुरवठा नाही म्हणून ग्रामपंचायतीची रोजची तपासणीही नाही. मला हे घातक वाटतं. ज्या पाण्याला सर्वांत जास्त हात लागतात, तेच सर्वांत कमी तपासलं जातं.

जारच्या पाण्यात राखणीला काही नसतं, हे डोळ्यांनी पाहता येतं. गावातले जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकली की ओटी टेस्ट करतात. छोट्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं म्हणजे त्यात क्लोरीन शिल्लक आहे. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम एवढा उरला तरी वाटेत शिरलेल्या जंतूंना तो पुरतो. हीच नळी जारच्या पाण्याने भरली तर रंग येत नाही. मूळ पाण्यात क्लोरीन असलाच तर तो आरओच्या आधी कोळशाच्या फिल्टरने काढलेला असतो, कारण तो आरओचा पडदा खराब करतो. कंपनीच्या बाटलीतही रंग येणार नाही. तिच्यातला ओझोन थोड्या वेळातच विरून जातो. बाटलीचं रक्षण करतं ते सील. ते फुटलं की आत राखण करणारं काही उरत नाही.

म्हणून बाटलीवरची सहा महिन्यांची वगैरे मुदत न उघडलेल्या बाटलीची असते. उघडल्यावर काय होतं ते बाटली कशी वापरली यावर ठरतं. तोंड लावून प्यायलं की थोडी लाळ आत परत जाते, तिच्याबरोबर तोंडातले जिवाणू आणि त्यांना पुरेल इतकं अन्नही. चाळीस अंशांच्या उन्हात ते झपाट्याने वाढतात. एका मिलिलिटरमध्ये लाखभर झाले तरी पाणी स्वच्छच दिसतं, कारण गढूळपणा जाणवायला त्याच्या कित्येक पट लागतात. स्वतःच्या तोंडाचे जिवाणू स्वतःला सहसा आजारी पाडत नाहीत. तीच बाटली लेकरांत आणि आजाऱ्यांत फिरली की धोका वाढतो.

घरी मी हिशेब असा ठेवतो. तोंड लावलेली बाटली उन्हाळ्यात त्याच दिवशी संपवायची, उरलेलं पाणी झाडाला. तोंड न लावता ओतून घेतलेली, झाकण लावून सावलीत ठेवलेली बाटली एक दिवस, फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस. तोटीचा जार सावलीत तीन-चार दिवस. हे आकडे कायद्याचे नाहीत, आपल्या हवेचा विचार करून धरलेले आहेत. गाडीच्या डॅशबोर्डवर दिवसभर तापलेल्या बंद बाटलीची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त आहे. या प्लॅस्टिकमधून अँटिमनी सुटतं हे खरं, पण अमेरिकेत तपासलं तेव्हा साठ अंशांत सतत ठेवल्यावर तिथली मर्यादा ओलांडायला जवळजवळ सहा महिने लागले.

जारमध्ये बिघाड पाण्याइतकाच तोटीत आणि गळ्याशी असतो. गळ्याच्या आत बोट फिरवून बुळबुळीत लागलं, उन्हात ठेवलेल्या जारच्या कडेला हिरवट छटा दिसली किंवा पाण्याला कुबट वास आला, तर तो परत पाठवायचा. मांडवात झाकण काढून जारमध्ये पेले बुडवले जातात, तिथे हाताची घाण थेट पाण्यात जाते आणि जुलाब बहुधा तिथूनच येतात. तोटीचा जार मागवला की हे टळतं. शंका असेल तर आरोग्य केंद्रावर मिळणारं मेडिक्लोर, त्याच्या बाटलीवरच्या प्रमाणात, जारमध्ये टाकून अर्धा तास थांबायचं. पाण्याला क्लोरीनचा हलका वास येईल. ओटीची नळी मग पिवळी होते.